दहा-ऐंशीची बरणी सोळा रुपयांना

१० रुपये ८० पैसे, १५ रुपये ६० पैसे आणि १७ रुपये. चारशे मिलीलिटरच्या काचेच्या बरणीचे हे तीन भाव आहेत. पहिला फिरोजाबादच्या कारखान्याचा, दुसरा भरूच पट्ट्यातल्या कारखान्याचा आणि तिसरा कोल्हापुरातल्या एका व्यापाऱ्याचा. घेणारा आहे कुडाळच्या एमआयडीसीतला लोणची-मुरंबे करणारा एक छोटा उद्योग. त्याला आंब्याच्या हंगामासाठी वीस हजार बरण्या हव्या आहेत. हा उद्योग आणि त्याचे तीन पुरवठादार मी उदाहरणासाठी रचले आहेत. आकडे सोयीचे धरलेत, ते आजचा बाजारभाव म्हणून कुणी वापरू नयेत. हिशेबाची रीत मात्र अगदी खरी आहे.

आपल्याकडे खरेदीची प्रथा ठरलेली आहे. तीन कोटेशनं मागवायची, सर्वांत कमी भावाखाली लाल रेघ मारायची, त्याला फोन करून अजून थोडं घासायचं आणि ऑर्डर द्यायची. या प्रथेप्रमाणे फिरोजाबादवाला डोळे मिटून जिंकतो, कारण त्याच्यात आणि भरूचवाल्यात पावणेपाच रुपयांहून जास्त अंतर आहे. पण कोटेशनवरचा भाव म्हणजे पुरवठादार ज्या जागी, ज्या दिवशी आणि ज्या अटींवर माल सोडतो, त्याचा भाव. घेणाऱ्याला लागते ती पोच किंमत, म्हणजे आपल्या गोदामात, मुरंबा भरण्याजोग्या अवस्थेत उभी असलेली एक बरणी नेमकी कितीला पडली. हे तीन भाव कुडाळच्या फाटकाशी आणेपर्यंत त्यांचा क्रम बदलतो, आणि बदलतो तो प्रत्येकासाठी सारखा नव्हे.

सुरुवात कोटेशन शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्यापासून करावी लागते. फिरोजाबादच्या कागदावर १०.८० हा फक्त काचेचा भाव आहे. ट्विस्ट झाकण वेगळं, दोन रुपयांना. खाली बारीक अक्षरात पॅकिंग-फॉरवर्डिंग, बरणीमागे पंचवीस पैसे. भाव ‘एक्स-वर्क्स’, म्हणजे त्यांच्या कारखान्याच्या दारातला. तिथून पुढे ट्रक तुमचा आणि धास्तीही तुमची. जीएसटी वेगळा, पैसे पूर्ण आगाऊ. भरूचवाल्याच्या १५.६० मध्ये झाकण आहे आणि कुडाळपर्यंतचं भाडंही आहे. जीएसटी वेगळा, पैसे तीस दिवसांनी. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने एका ओळीत लिहिलंय: ‘रु. १७, सर्व धरून, पोच, ४५ दिवस.’ त्या ‘सर्व धरून’मध्ये काय काय धरलंय हे फोन करूनच विचारायचं आणि उत्तर मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्यायचं. इतकं केल्यावरच तिन्ही बरण्या एका मापाच्या होतात: झाकण आणि पॅकिंग धरून फिरोजाबाद १३.०५, भरूच १५.६०, कोल्हापूर १७. अंतर एव्हाना निम्म्यावर आलेलं आहे.

आता भाडं. काचेच्या बरण्या ट्रकमध्ये वजनाने मावत नाहीत, जागेने मावतात. चारशे मिलीची बरणी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे वीस हजार बरण्यांचं वजन साडेचार टनच होतं. पण त्या पोकळ आहेत, त्यामुळे खोक्यांनी सतरा-एकोणीस फुटी गाडी जवळजवळ भरून जाते. म्हणून किलोमागे भाड्याचा अंदाज इथे फसतो. पूर्ण गाडीचा भाव विचारायचा आणि त्याला बरण्यांच्या संख्येने भागायचं. फिरोजाबादहून कुडाळ दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. गाडीचे ४४,००० रुपये धरले तर बरणीमागे २.२० पडतात. दहा हजारच बरण्या मागवल्या तरी पूर्ण गाडीचं भाडं जवळपास तेच राहतं आणि बरणीमागचा बोजा दुप्पट होतो. तेव्हा ‘भाडं बरणीमागे किती’ या प्रश्नाला संख्या ठरवल्याशिवाय उत्तरच नाही.

अर्धी गाडी नको म्हणून पार्ट लोडने पाठवला तर भाडं कमी दिसतं, पण बिल्टी नीट वाचावी लागते. तिच्यावर ‘गोडाऊन डिलिव्हरी, कोल्हापूर’ असं असेल, तर तिथून दुसरा टेम्पो करून घाट उतरायचा खर्च तुमचा. शिवाय माल आग्र्याला एकदा, पुण्याला एकदा आणि कोल्हापूरला एकदा चढ-उतार होतो. दर वेळी हमालाच्या खांद्यावरून खोकं उतरताना काचेचं काय होतं हे सांगायला नको.

म्हणजे फुटतूट. पूर्वीच्या खेपांच्या नोंदी असतील तर त्या काढायच्या, नसतील तर याच पुरवठादाराकडून माल घेणाऱ्या एखाद्या ग्राहकाला विचारायचं. फुटलेल्या बरण्यांसोबत ज्यांच्या तोंडाचा टवका उडालाय त्याही मोजायच्या, कारण त्यांवर झाकण बसतं पण हवा राहत नाही. फिरोजाबादच्या मालात दोन्ही मिळून तीन टक्के धरूया. इथे बहुतेक तक्त्यांत एक बारीक चूक असते: किमतीत तीन टक्के मिळवले जातात. हिशेब उलटा आहे. शंभर बरण्यांचे पैसे देऊन सत्त्याण्णव हाती आल्या, तर किंमत ०.९७ ने भागायची. तीन टक्क्यांना फरक पैशाचाच पडतो. पण फुटतूट वीस टक्के असेल तेव्हा किंमत वीस नव्हे, पंचवीस टक्क्यांनी वाढते. विम्याने हे भरून निघेल असंही धरू नये. प्रवासविमा अपघातासाठी ठीक आहे. पण काचेच्या मालाच्या पॉलिसीत ठरावीक टक्क्यापर्यंतची नेहमीची फूट बहुधा घेणाऱ्याच्याच माथी असते.

भरूचवाल्याची अट इथे कामाला येते. उतराईपासून तीन दिवसांत फोटोसह फुटीचा आकडा कळवला तर तो तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट देतो. कोल्हापूरवाला तर पुढच्या खेपेत तेवढ्या बरण्या बदलूनच देतो. दोघांच्या फुटतुटीचा खर्च म्हणून शून्य धरता येतो, मात्र गोदामात उतरवलेलं खोकं तीन दिवसांत कुणीतरी खरंच उघडून पाहणार असेल तर.

आता करापाशी येऊ. सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. काचेच्या बरण्यांवर जीएसटी १८ टक्के आहे. कुडाळच्या उद्योगाची जीएसटी नोंदणी आहे आणि त्याच्या लोणच्या-मुरंब्यांवरही कर लागतो. त्यामुळे बरण्यांवर भरलेला कर त्याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळता मिळतो. त्याच्यासाठी फिरोजाबादचे २.३५ रुपये आणि भरूचचे २.८१ रुपये कर हा खर्च नाही. तो काही आठवडे अडकलेला पैसा आहे. म्हणून त्याच्या तक्त्यात दर करविरहितच लिहायचे. जो करासकट भावांची तुलना करतो, तो स्वतःला परत मिळणाऱ्या पैशाला खर्च समजतो.

कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचं वेगळं आहे. तो कंपोझिशन योजनेत आहे. या योजनेतल्या व्यापाऱ्याला ग्राहकाकडून कर वसूल करता येत नाही; तो करपावती न देता नुसतं ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. कागदावर कर दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे. त्याने स्वतः माल घेताना भरलेला जीएसटी त्या १७ रुपयांत मुरलेला आहे आणि कुडाळच्या उद्योगाला त्यातला एक पैसाही वळता मिळणार नाही. हाच व्यापारी नेहमीच्या नोंदणीत असता आणि त्याने करासह १७ लावले असते, तर करविरहित भाव १४.४१ निघाला असता आणि सगळा निकालच फिरला असता. तो कोणत्या योजनेत आहे हे त्याच्या शब्दावर सोडायची गरज नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक टाकला की करदात्याचा प्रकार दिसतो.

त्याच पानावर त्याने विवरणपत्रं वेळेवर भरलीत का, हेही दिसतं, आणि हे फिरोजाबादवाल्याच्या बाबतीत जरूर पाहावं. पुरवठादाराने आपलं विक्रीचं बिल विवरणात दाखवलं नाही तर ते तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये येत नाही, आणि २०२२ पासून तिथे न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. वीस हजार बरण्यांवरचा हा कर सुमारे ४७,००० रुपये आहे, म्हणजे ट्रकच्या पूर्ण भाड्याहून जास्त. सहा-सहा महिने विवरण न भरणारा पुरवठादार स्वस्त असूच शकत नाही.

फुटतुटीशी कराचं एक बारीक नातं आहे, ते फार कमी तक्त्यांत दिसतं. नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिट कायद्याने मिळत नाही. म्हणजे फुटलेल्या तीन टक्के बरण्यांचा कर परत फिरवावा लागतो. बरणीमागे सात पैसे होतात. आकडा लहान आहे, पण फिरोजाबादच्या बाजूलाच पडतो.

भाड्यावरचा कर मात्र उद्योगाला त्रास देत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला भाडं स्वतः दिलं तर रिव्हर्स चार्जने पाच टक्के कर आपणच भरायचा आणि त्याचं क्रेडिट घ्यायचं. पुरवठादाराने भाडं आपल्याच बिलात धरलं तर त्यावर मालाइतकाच, १८ टक्के कर लागतो. त्याचंही क्रेडिट मिळतं. पाच की अठरा हा प्रश्न क्रेडिट मिळणाऱ्यासाठी जवळजवळ निरर्थक आहे. ज्यांना ते मिळत नाही त्यांच्यासाठी तो खराखुरा खर्च आहे. २०१७ च्या जुलैआधी हे सगळं आणखी किचकट होतं: राज्याबाहेरून माल आला की केंद्रीय विक्रीकर, सी-फॉर्मची धावपळ आणि मुंबईत माल आणायचा तर जकात नाका. त्या काळी ‘बाहेरून आणलेलं महाग’ हा ठोकताळा बऱ्याचदा खरा ठरायचा. अनेक खरेदी विभागांत तो अजून जिवंत आहे, कारण गेलेलं असतानाही.

उरला पैशाचा वेळ. उद्योगाला बँकेची कॅश क्रेडिट बारा टक्क्यांनी मिळते असं धरू. फिरोजाबादवाल्याला करासकट १५.४० रुपये माल येण्याच्या वीस दिवस आधी द्यायचे, म्हणजे बरणीमागे दहा पैसे व्याज. भरूचवाल्याकडे तीस दिवस उधारी, म्हणजे अठरा पैसे वाचले. कोल्हापूरवाल्याचे पंचेचाळीस दिवस पंचवीस पैसे वाचवतात. उधारी जितकी लांब तितकी बरी, असं मात्र नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारातसुद्धा पंचेचाळीस दिवसांपलीकडची मुदत चालत नाही. उशीर झाला की बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. काहीजण नव्वद दिवसांची उधारी तक्त्यात बचत म्हणून लिहितात, ती अशा पुरवठादाराच्या बाबतीत कागदावरच राहते.

सगळं एकत्र मांडलं की बरणीमागे रुपयांत असं दिसतं:

| | फिरोजाबाद | भरूच | कोल्हापूर |
|---|---|---|---|
| बरणी आणि झाकण | १२.८० | १५.६० | १७.०० |
| पॅकिंग | ०.२५ | दरात | दरात |
| भाडं | २.२० | दरात | दरात |
| विमा, उतराई | ०.१५ | ०.१० | दरात |
| फुटतूट आणि तिच्यावरचा कर | ०.५५ | – | – |
| पैशाचा वेळ | +०.१० | −०.१८ | −०.२५ |
| पोच किंमत | १६.०५ | १५.५२ | १६.७५ |

दहा-ऐंशीची बरणी सोळा रुपये पाच पैशांना पडली आणि भरूचवाला त्रेपन्न पैशांनी पुढे गेला. वीस हजारांवर हे १०,६०० रुपये होतात.

याच एमआयडीसीबाहेर एखादा महिला बचत गट तशाच बरण्यांत आमसुलं आणि लोणची भरून विकतो असं समजा. त्यांची उलाढाल चाळीस लाखांच्या आत आहे, त्यामुळे त्यांनी जीएसटी नोंदणी घेतलेली नाही. कर भरायचा नाही, पण क्रेडिटही नाही. त्यांच्यासाठी हाच तक्ता सोयीसाठी तेवढ्याच बरण्यांवर करासकट केला, तर फिरोजाबाद १८.४०, भरूच १८.३३ आणि कोल्हापूर १६.७५ येतो. उद्योगासाठी जो सर्वांत महाग, तोच बचत गटासाठी सर्वांत स्वस्त, आणि तोही दीड रुपयाहून अधिक फरकाने. म्हणून शेजारच्याने कुठून घेतलं हे ऐकून ऑर्डर देऊ नये. आधी शेजाऱ्याची नोंदणी विचारावी.

इथे थांबून भरूचवाल्याला ऑर्डर द्यायला हरकत काय? हरकत अशी की बरणीत मुरंबा गरम भरला जातो. मुरंबा भरताना ती तडकली, किंवा ऐन मे महिन्यात बरण्या आल्याच नाहीत, तर त्रेपन्न पैशांचा फायदा आंब्याच्या फोडींसोबत वाया जातो. जी गोष्ट रुपयांत मोजता येते ती पोच किमतीत घालावी; जी येत नाही तिला गुण द्यावेत. गुणांकनाचा उपयोग एवढाच आहे, आणि त्याच्या बहुतेक चुका हे कुंपण ओलांडल्याने होतात. उधारीचे पैसे एकदा व्याजात मोजले आणि पुन्हा ‘पेमेंटच्या अटी’ म्हणून दहा गुण दिले, फुटतूट किमतीत धरली आणि पुन्हा ‘दर्जा’त कापली, तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. असे तक्ते दिसायला भरगच्च असतात आणि निकाल हमखास वाकडा देतात.

कुडाळच्या उद्योगाने तीनच निकष घेतले: पोच किंमत ६० टक्के, नमुन्याचा दर्जा २० टक्के, वेळेवर आणि लहान खेपांत पुरवठा २० टक्के. हे वजन लिफाफे उघडण्याआधी कागदावर लिहून त्यावर तारीख टाकणं हाच यातला सगळ्यात कडक नियम. भाव पाहिल्यावर वजन ठरवलं, तर मनात आधीच बसलेला पुरवठादार अलगद वर येतो, आणि ठरवणाऱ्याला स्वतःलाही ते कळत नाही.

दर्जाचे गुण ‘चांगला’, ‘बरा’ असे द्यायचे नाहीत, चाचणीवर द्यायचे. काचेच्या बरणीसाठी चाचणी घरच्या घरी होते. गरम पाण्यात बुडवून ठेवलेली बरणी तिच्याहून ४२ अंशांनी थंड पाण्यात झटकन घालायची. एवढा फरक चांगल्या बरणीने सोसावा अशी या धंद्यात सर्वसाधारण अपेक्षा असते. प्रत्येकाच्या पन्नास नमुन्यांपैकी किती तडकल्या ते लिहायचं. मग गरम मुरंबा भरून झाकण लावायचं आणि थंड झाल्यावर झाकणाच्या मधलं बटण आत गेलंय का पाहायचं. तोंडाची कड खडबडीत असेल तर ते वरच राहतं. या चाचण्यांवरून फिरोजाबादला ६०, भरूचला ८५, कोल्हापूरला ७५ गुण मिळाले असं धरू. पुरवठ्यात फिरोजाबाद ५०, कारण वीस हजारांची एकच खेप आणि वीस दिवस वाट. शिवाय तिथल्या भट्ट्या नैसर्गिक वायूवर चालतात. ताजमहालाभोवतीच्या पट्ट्यात कोळसा जाळायला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंदी घातली, तेव्हापासून वायूचा भाव हलला की काचेचा भाव हलतो आणि कोटेशनची मुदत आठवड्याची असते. भरूच ७०. कोल्हापूर ९५, कारण फोन केला की दोन दिवसांत टेम्पो दारात.

किमतीचे गुण काढायची रूढ रीत अशी: सर्वांत कमी किंमत भागिले त्याची किंमत, गुणिले शंभर. भरूच १००, फिरोजाबाद ९६.७, कोल्हापूर ९२.७. वजन लावून बेरीज केली की भरूच ९१, कोल्हापूर ८९.६, फिरोजाबाद ८०. शेवटचा बाद झाला. पहिल्या दोघांत दीड गुणाचंही अंतर नाही, आणि हा निकाल म्हणून वाचणं चूक आहे. किमतीचं वजन ५० आणि पुरवठ्याचं ३० केलं की कोल्हापूर ८९.८ आणि भरूच ८८ होतो. वजनात दहाचा बदल करून क्रम फिरत असेल, तर तक्ता सांगतोय की दोघे बरोबरीत आहेत. निवड आता माणसाने करायची आहे.

या सूत्रात आणखी एक गोम आहे. किमतीला ६० टक्के वजन दिलं म्हणजे किमतीचा आवाज सर्वांत मोठा, असं वाटतं. पण १५.५२ आणि १६.७५ मधल्या सव्वा रुपयाला गुणांत फक्त ७.३ चा फरक मिळतो आणि वजन लागून ४.४ चा. पुरवठ्यातल्या ७० आणि ९५ मधल्या फरकाला वीसच टक्के वजन असून ५ गुण मिळतात. म्हणजे प्रत्यक्षात पुरवठाच जास्त बोलतोय. त्यावर उपाय म्हणून काहीजण दुसरं सूत्र वापरतात: सर्वांत स्वस्ताला शंभर, सर्वांत महागाला शून्य, मधल्यांना त्या प्रमाणात. मग कोल्हापूरला किमतीचे शून्य मिळतात आणि तो ३४ गुणांवर कोसळतो. फिरोजाबाद ५६ घेऊन दुसरा येतो. माल तोच आणि किमती त्याच असून सूत्राने दुसरा क्रमांक फिरवला.

आणि या दुसऱ्या सूत्राला खोट्या कोटेशनची लागण फार लवकर होते. कुणी तीस रुपयांचं एक चौथं कोटेशन आणून ठेवलं की शून्य त्याच्याकडे जातं आणि कोल्हापूरचे गुण शून्यावरून थेट ९१.५ होतात. आपल्याकडे अशा कागदाला ‘सपोर्टिंग कोटेशन’ असं सोज्वळ नाव आहे. ज्याला ऑर्डर द्यायची तोच आपल्या ओळखीच्या दोघांची लेटरहेडं भरून आणून देतो, फाईल पूर्ण होते. ओळखायला फार अक्कल लागत नाही. तिन्ही कागदांवर अटींचे शब्द तेच, शुद्धलेखनाची चूकही तीच, आणि भाव एकमेकांपासून नेमके पाच आणि दहा टक्क्यांनी दूर. खरे पुरवठादार अटी वेगळ्या लिहितात. अटी जुळल्या की संशय घ्यावा. म्हणूनच सर्वांत महागाशी बांधलेलं सूत्र मला तरी टाळावंसं वाटतं. सरकारी खरेदीत किंमत आणि दर्जा मिळून निवड करायची सोय आहे. तिथे बांधकामं आणि सल्लागारीखेरीजच्या सेवांसाठी २०२१ च्या केंद्राच्या सूचनांनी किमतीबाहेरच्या निकषांचं वजन तीस टक्क्यांवर रोखलं आहे. गुणांच्या आडून मर्जी आत येते, हे ठाऊक असल्याशिवाय कुणी अशी मर्यादा घालत नाही.

भरूच आणि कोल्हापूरची बरोबरी सोडवायला गुणांकडून पुन्हा रुपयांकडे यावं. दोघांच्या पोच किमतीत १.२३ रुपयांचं अंतर आहे, वीस हजारांवर २४,६०० रुपये. प्रश्न आता असा: मे महिन्यात दोन दिवसांत बरण्या मिळण्याची खात्री या उद्योगाला २४,६०० रुपयांची आहे का? मुरंब्याची एक तयार घाण बरण्यांअभावी वाया जाणं किती रुपयांना पडतं, हे मालकाला ठाऊक असतं; खरेदी विभागाला नसतं. सगळ्याच बरण्यांसाठी ही खात्री लागत नाही, हेही तोच सांगू शकतो. पंधरा हजार भरूचकडून मार्चमध्येच घेतल्या आणि हंगामाच्या टोकाला लागणाऱ्या पाच हजार कोल्हापूरकडे ठेवल्या, तर जादा खर्च ६,१५० रुपये येतो. मात्र भरूचवाल्याचा १५.६० हा वीस हजारांचा भाव होता. पंधरा हजारांना तो टिकतो का, हे ऑर्डरआधी विचारावं लागतं. तो सोळा झाला तर पूर्ण तक्ता पुन्हा मांडायचा.

ऑर्डरच्या कागदात पोच किमतीतल्या प्रत्येक गृहीतकाची एक ओळ असावी: भाव कुडाळ गोदाम पोच, झाकणासह; भाडंवाढ पुरवठादाराकडे; फुटीची सूचना तीन दिवसांत आणि क्रेडिट नोट पंधरा दिवसांत, जीएसटीसकट. हे शेवटचे शब्द मुद्दाम लिहायचे, कारण कर न कापता नुसत्या मूळ रकमेची नोट देणारे बरेच आहेत. मग तक्त्याला उजवीकडे एक रिकामा रकाना जोडायचा, ‘प्रत्यक्ष’ नावाचा. गाडी आली की उतराईला किती गेले, पन्नास खोकी उघडून किती बरण्या बाद निघाल्या, पैसे खरंच कोणत्या तारखेला दिले, बिल जीएसटीआर-२बीमध्ये कोणत्या महिन्यात दिसलं, हे त्यात भरत जायचं. पुढच्या वर्षी फिरोजाबादवाला नऊ-नव्वदचा भाव घेऊन आला, तर फुटतुटीचे तीन टक्के अंदाजाने धरावे लागणार नाहीत.